स्कॅन केलेल्या पानातली एक ओळ बदलताय? या चुका टाळा

जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण म्हणजे हल्ली बहुतेक वेळा स्कॅनच. छपाईचे शिशाचे खिळे केव्हाच मोडीत गेले. सगळं पुस्तक नव्याने टाइप करून त्याची प्रुफं वाचायला ना कुणाला वेळ, ना पैसे. मग हाती असलेली प्रत स्कॅन करायची आणि तशीच छापायची. त्याला माझी हरकत नाही. भानगड सुरू होते ती मधलीच एखादी ओळ दुरुस्त करायची असते तेव्हा, कारण 'एका ओळीचं तर काम' म्हणून ते सगळ्यात नवशिक्या माणसाकडे दिलं जातं.

आधी एक सांगून टाकतो. हे सगळं स्वतःच्या किंवा प्रकाशकाने परवानगी दिलेल्या पुस्तकापुरतं आहे. दाखला, गुणपत्रिका, सातबारा, करारनामा यांवरची ओळ 'जरा नीट करून द्या' म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. ती दुरुस्ती ज्या कार्यालयाने कागद दिला तिथेच होते. घरी केली तर तो बनावट दस्तऐवज.

आता खरं काम. १९५४ सालचं एक पाककृतींचं पुस्तक लेखिकेच्या नातवंडांनी पुन्हा छापायला घेतलं होतं. मागे शुद्धिपत्र होतं आणि त्यात एक नोंद अशी : 'चार चमचे' ऐवजी 'चिमूटभर' वाचावें. पानावरची ओळ होती, 'तेलांत मोहरी तडतडली कीं चार चमचे हिंग घालावा'. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही आणि चार चमचे हिंग कुणाच्या पोटात जाऊ नये, म्हणून दुरुस्ती पानावरच करायचं ठरलं. अगदी रास्त.

काम दिलेल्या मुलाने पीडीएफमध्येच ओळीवर पांढरा चौकोन ठेवला, वर नवी ओळ टाइप केली आणि फाइल छापखान्यात पाठवली. पडद्यावर झकास दिसत होतं. छापील फर्मा हातात आला तेव्हा त्या जागी दोन ओळी एकमेकींवर बसलेल्या, 'चार चमचे' आणि 'चिमूटभर' दोन्ही. चौकोन गायब. झालं असं की चौकोनाला ओव्हरप्रिंटची सेटिंग लागली होती. काळ्या मजकुराला ती लावलेली असते, त्याचीच नक्कल करून रंग पांढरा केला की सेटिंग तशीच राहते. एरवी पांढरी वस्तू खालचा मजकूर कापते. ओव्हरप्रिंट असेल तर 'खालच्यावर छाप' असा हुकूम होतो, आणि पांढरी शाई तर नसतेच. म्हणजे काहीच छापलं जात नाही आणि खालची ओळ जशीच्या तशी प्लेटवर उतरते. छापखान्याने आमच्याकडे बोट दाखवलं, आम्ही छापखान्याकडे, आणि कागद रद्दीत गेला.

म्हणून माझा हट्ट : पीडीएफवर ठिगळ लावायचं नाही. पान मूळ स्कॅनमधून घ्यायचं, ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ फाइल, आणि बदल त्या चित्रातच करायचा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिला हात लावायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं पान मी कामाला घेत नाही. अक्षरांच्या कडेची ती जेपेगची धूळ पुढे साफ होत नाही.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते : अख्खी ओळ पुसून नव्या फॉन्टमध्ये टाइप करणं. त्या मुलाने लिहिलं होतं, 'तेलात मोहरी तडतडली की चिमूटभर हिंग घालावा'. अगदी शुद्ध, पण आजच्या नियमाने. अनुच्चारित अनुस्वार काढून टाकणारे नियम १९६२ चे. १९५४ च्या पानावर वरखाली 'भांड्यांत', 'नाहीं', 'कांहीं' असताना मधेच 'तेलात' आणि 'की' आलं की जुनी पुस्तकं वाचणाऱ्याला ती ओळ लगेच टोचते. फॉन्ट कितीही जुळवा, शुद्धलेखन चुगली करतंच. हीच गोष्ट 'ल' आणि 'श'ची. संगणकावर आपसूक मिळणाऱ्या अनेक फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची असतात आणि जुन्या मराठी छपाईच्या पानात उपरी वाटतात. पुस्तक 'अि, अी' अशी अ-ची बाराखडी वापरत असेल तर तीच ठेवायची. सुधारणा करायला आपल्याला बोलावलेलं नाही.

मुळात टाइप करायचंच कशाला? बदल दोन शब्दांचा आहे, बाकीची ओळ चांगली आहे. 'चिमूटभर' हा शब्द पाककृतींच्या पुस्तकात दुसरीकडे सापडणारच. तो त्याच आकाराच्या खिळ्यांचा, त्याच शाईचा, त्याच कागदावरचा असतो. मी तो त्याच्या भोवतालच्या कागदासकट उचलतो आणि आणून बसवतो. नाहीच सापडला तर 'चिमूट' एका पानावरून, 'भर' दुसऱ्यावरून. जोड अक्षरांच्या मधल्या फटीत द्यायचा, अक्षराच्या पोटात नाही. खिळे शेजारीशेजारी बसवलेले असल्यामुळे जुन्या छपाईत शिरोरेघ तशीही जागोजागी केसभर तुटलेली असते, तेव्हा जोड तिथे खपून जातो. उलट नव्या फॉन्टची सलग, गुळगुळीत शिरोरेघ हीच ठिगळाची पहिली खूण.

शब्द आणताना पाने सरळ केलेली हवीत. दोन्ही पाने थोडीशी जरी वेगवेगळ्या कोनात स्कॅन झाली असतील तरी शिरोरेघेला पायरी पडते.

'चिमूटभर' हा 'चार चमचे'पेक्षा जरा तोकडा. इथे अधीर मंडळी शब्द आडवा ताणतात. जुळारी असं कधी करत नसे, करूच शकत नसे. शिशाचा खिळा ताणणार कसा? तो शब्दांमधल्या जागा थोड्या थोड्या वाढवून ओळ समासाला भिडवायचा. मीही तेच करतो : उरलेली जागा ओळीतल्या सगळ्या शब्दांत वाटून टाकतो. एकाच ठिकाणी भोक सोडत नाही.

पार्श्वभूमीबद्दल लोक फार झटतात. पिवळट कागदावर शुभ्र चौकोन दिसणारच. पण पान शेवटी काळ्यापांढऱ्यात छापायचं असेल तर कागदाचा रंग राखायची गरजच काय? आधी शब्द बसवा, मग अख्ख्या पानाचा कागद एकदम पांढरा करा आणि त्यानंतरच एक-बिटमध्ये न्या. क्रम उलटा केला, म्हणजे पान आधी काळंपांढरं करून मग वर शब्द चिकटवला, तर जुन्या अक्षरांच्या कडा खरबरीत आणि नव्याच्या मऊ राहतात. कागदाचा पोत ठेवायचाच असेल तर तो त्याच पानाच्या, त्याच उंचीवरच्या समासातून घ्या. शिवणीकडे सावली गडद होत जाते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा तुकडा जुळत नाही.

पीडीएफ शोधता येण्याजोगी असेल तर चित्रामागचा ओळखलेला मजकूर जुनाच राहतो. ते पान पुन्हा ओसीआरमधून काढा, मग 'चार चमचे' शोधून बघा.

आणि शुद्धिपत्र. पान दुरुस्त केलं आणि मागची नोंद तशीच ठेवली, तर वाचक नसलेली चूक शोधत बसतो. मी ते पान काढत नाही, तो मूळ पुस्तकाचा भाग आहे. वर बारीक अक्षरात एक ओळ घालतो : 'पहिल्या आवृत्तीतील शुद्धिपत्र. या आवृत्तीत दुरुस्त्या जागेवर केल्या आहेत.' ती ओळ मात्र आजच्या फॉन्टमध्ये आणि आजच्या शुद्धलेखनात.