सपाट टप्प्याची तयारी: शिसे-कथिलाचा शीतन-वक्र घेण्याआधी

रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात पावसाळ्यात हा प्रयोग लावायचा असेल तर पहिली गोष्ट म्हणजे ओल काढणे. मूस, ढवळायची सळई आणि वर टाकायची कोळशाची पूड, सगळं ओव्हनमध्ये 150 अंशांवर तासभर वाळवून घ्या. हवेतला दमटपणा पुडीत बसतो आणि ओली पूड वितळलेल्या धातूवर पडली की वाफेने थेंब उडतात. खिडक्या उघड्या ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, शिशाला हात लागला तर काही खाण्याआधी हात धुवा.

मग धातू. इथे शिसे कुठून आणलं याला फार महत्त्व आहे. बंदरावर जाळ्याच्या जुन्या गोळ्या स्वस्तात मिळतात, जुन्या बॅटरीच्या पट्ट्याही मिळतात, पण त्या घेऊ नका. बॅटरीच्या शिशात बहुधा अँटिमनी असतं आणि जुन्या गोळ्या कशापासून ओतल्या हे कळत नाही. फेज नियमाची मोजणी इथेच चुकते. शिसे आणि कथिल असे दोनच घटक असतील तर दाब स्थिर धरून सूत्र F = C − P + 1; C म्हणजे घटकांची संख्या, P म्हणजे फेजची संख्या आणि F म्हणजे स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या चलांची संख्या. युटेक्टिक बिंदूवर द्रव, शिसेप्रधान घन आणि कथिलप्रधान घन असे तीन फेज एकत्र, म्हणून F = 2 − 3 + 1 = 0. तापमान 183 अंशांवर अडकून राहतं. अँटिमनी आलं की C तीन होतो, तेच तीन फेज असतील तर F एक होतो, आणि वक्रावर सपाट टप्प्याऐवजी उतरती रेघ दिसते. रेघ उतरती दिसली की आधी शिशावर संशय घ्या. धातू शुद्ध असेल तर शीतन फार वेगाने झालं का ते तपासा.

थर्मोकपल तपासायला शुद्ध कथिल वितळवून गार होऊ द्या. टप्पा 232 अंशांना आला पाहिजे. इथेही मोजणी करून बघा: एक घटक, दोन फेज, F = 1 − 2 + 1 = 0.

आता नमुना. 60 ग्रॅम शिसे आणि 40 ग्रॅम कथिल, मिळून 100 ग्रॅम. सुमारे 340 अंशांपर्यंत तापवा, नीट ढवळा, वर कोळशाची पूड पसरा, मूस विटांच्या आडोशात ठेवून सावकाश गार होऊ द्या. दर 10 सेकंदांना वाचन. वाचन सुरू करण्याआधी वहीत प्रत्येक टप्प्याचा F लिहून ठेवा. नुसत्या द्रवाला F = 2. सुमारे 238 अंशांना पहिला घन सुटतो, फेज दोन होतात, F = 1; म्हणून वक्र थांबत नाही, फक्त त्याचा उतार कमी होतो. 183 ला F शून्य. द्रव संपला की दोन घन उरतात आणि F पुन्हा एक. टप्प्याच्या आधी तापमान थोडं खाली जाऊन परत वर आलं तर घाबरू नका. ते अतिशीतन आहे, टप्पा त्यानंतरच्या सपाट भागावर वाचा.

हमखास होणारी गल्लत इथे सांगायला हवी. F शून्य म्हणजे तापमान आणि तिन्ही फेजची घटकरचना ठरलेली. कोणता फेज किती आहे हे मात्र ठरलेलं नाही. 40 टक्के कथिलाच्या या नमुन्यात 183 च्या किंचित वर द्रव (40 − 18.3) ÷ (61.9 − 18.3), म्हणजे निम्मा असतो. 61.9 टक्के कथिलाचा नमुना तिथवर पूर्ण द्रव असतो. म्हणून तेवढ्याच वजनाला आणि तशाच शीतनाला त्याचा टप्पा साधारण दुप्पट लांब येतो, तापमान तेच. टप्प्याची लांबी बदलली म्हणून F बदलला असं लिहू नका. तसंच सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पट्टेदार युटेक्टिक रचना हा तिसरा घन फेज नाही, त्यात दोनच फेज गुंफलेले असतात.

पोलादाच्या युटेक्टॉइडला हीच मोजणी लावताना द्रव शोधू नका: 727 अंशांना ऑस्टेनाइट, फेराइट आणि सिमेंटाइट, तिन्ही घन, F शून्य, फेराइट-सिमेंटाइटची गुंफण असलेला परलाइट मात्र मोजायचा नाही. पेरिटेक्टिकला (लोह-कार्बनमध्ये 1493 अंश) द्रव आणि डेल्टा फेराइट मिळून ऑस्टेनाइट होतं. तिथे नवा घन जुन्याभोवती कवच धरतो आणि विसरण मंदावतं, म्हणून वेगाने गार केलेल्या नमुन्यात तिन्ही फेज त्या तापमानाच्या खालीही सापडू शकतात. असा नमुना समतोलात नाही, त्यामुळे त्याला हे सूत्र लावायचंच नाही.