चॅटवरचा मेसेज नवीन क्लायंटला पाठवण्यासारखा ईमेल कसा करायचा

समजा तुम्ही वेबसाइट डिझाइन करता, क्लायंट नवीन आहे, आणि घाईत तुम्ही हे टाइप केलंय:

"हाय मॅम, ते होमपेज झालंय जवळपास, फोटो नाही आले अजून तुमच्याकडून, पाठवा ना लवकर नाहीतर लेट होईल 😅 आणि तो वरचा निळा चालेल का?? सांगा"

ओळखीच्या माणसाला हे बरोब्बर कळतं, पण नवीन क्लायंटला नाही. बरेच जण इथे फक्त शब्द बदलतात, "पाठवा ना"चं "पाठवावेत ही नम्र विनंती" करतात आणि मेल झाला असं समजतात. खरी अडचण मात्र "ते", "तो वरचा", "लवकर" या शब्दांत आहे, कारण त्यांचा अर्थ मागच्या गप्पांमध्ये आहे आणि मेल वाचणाऱ्याकडे त्या गप्पाच नाहीत. वर तो मेल पुढे त्यांच्या बॉसकडे फॉरवर्ड झाला तर त्याला तर काहीच कळणार नाही.

म्हणून आधी मेसेजमधून चार गोष्टी कागदावर काढा: काय झालंय, काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि तोवर नाही आलं तर काय होईल. आपल्या मेसेजमध्ये "कधीपर्यंत" नाहीच आहे, फक्त "लवकर" आहे, आणि किती फोटो तेही नाही. ही माहिती आधी स्वतः ठरवा, मगच मेल लिहायला घ्या. "उद्या", "परवा" तर अजिबात नको, मी एकदा "उद्यापर्यंत द्या" लिहिलं आणि समोरच्याने मेल उघडलाच दुसऱ्या दिवशी, तेव्हा त्यांचा उद्या वेगळा आणि माझा वेगळा. वार आणि तारीख दोन्ही लिहा.

मग सूर बघा. "फोटो नाही आले अजून तुमच्याकडून" यात दोष दिल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा फोटो कधी मिळाले तर काम कधी होईल ते लिहा, मुद्दा तोच राहतो. 😅 काढून टाकायचा, पण तो तिथे काय करत होता हे बघून मगच, तो घाई करण्याचा कडकपणा कमी करत होता, त्याच्या जागी एक खरं वाक्य यायला हवं.

तुम्ही की आपण, हे एकदाच ठरवा. मला "तुम्ही" बरं वाटतं, कारण "आपण"चे दोन अर्थ होतात. "आपण लोगो बदलू शकतो" म्हणजे कोण बदलणार, क्लायंट की दोघं मिळून? आणि एका वाक्यात आपण, पुढच्यात तुम्ही असं झालं की कुठूनतरी कॉपी करून चिकटवल्यासारखं दिसतं. "सविनय सादर"ही नको, अर्ज नाहीये हा.

आता तोच मेसेज असा होतो:

विषय: होमपेजसाठी 8 फोटो आणि लोगोचा रंग, 12 जूनपर्यंत

नमस्कार मॅडम,

होमपेजचं डिझाइन तयार आहे, पीडीएफ सोबत जोडली आहे. त्यात फोटोंच्या जागा सध्या रिकाम्या आहेत. ते पूर्ण करण्यासाठी तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत:

1. प्रॉडक्टचे 8 फोटो
2. पीडीएफच्या पहिल्या पानावर वरती लोगो गडद निळ्या रंगात आहे. तोच रंग ठेवायचा का?

हे गुरुवार, 12 जूनला संध्याकाळी 5 पर्यंत मिळालं तर पूर्ण होमपेज सोमवारी, 16 जूनला पाठवता येईल. फोटोंना जास्त वेळ लागणार असेल तर कळवा, त्याप्रमाणे पुढची तारीख ठरवू.

धन्यवाद,
(तुमचं पूर्ण नाव, कामाचं नाव, फोन नंबर)

बघा, "जवळपास झालंय" गेलं, कारण ते वाचून नेमकं काय बाकी आहे ते कळत नव्हतं. प्रश्नांना नंबर दिलेत, नाहीतर एका परिच्छेदात दोन प्रश्न असले की लोक पहिल्याचंच उत्तर देतात आणि रंगासाठी परत मेल करावा लागतो. "जास्त वेळ लागणार असेल तर" हे त्या इमोजीच्या जागी आलंय. विषयाच्या ओळीत कामाचे शब्द सुरुवातीलाच ठेवलेत, मोबाईलवर ती ओळ लांब असली की शेवट कापला जातो.

पाठवताना आधी पीडीएफ जोडा, मग मेल एकदा मोठ्याने वाचा, आणि To मधला पत्ता सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी अर्धवट मेल जाणार नाही.