हिरवा पडदा, सुटे केस आणि हिरवा चुडा

एडिटिंग शिकून स्टुडिओत लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्याकडे एका क्लासचं काम आलं. दहावीच्या भूमितीचे व्हिडिओ होते. शिकवणाऱ्या बाई हिरव्या पडद्यासमोर उभ्या होत्या आणि मागे फिकट निळ्या रंगाचा फळा बसवायचा होता. मी After Effects मध्ये Keylight लावलं, म्हणजे पडद्याचा रंग पारदर्शक करणारी 'की' लावली, आणि ड्रॉपरने पडद्याचा हिरवा रंग उचलला. पडदा गेला, पण त्याच्या जागी करडा कचरा उरला आणि बाईंच्या साडीतून फळा दिसू लागला. मग मी Clip Black वर नेलं, Clip White खाली आणलं. कचरा गेला, साडीही भरली. मला वाटलं काम झालं.

आमच्या ज्येष्ठ एडिटरना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "अरे, बाईंचे केस कुठे गेले?"

बाईंचे केस कुरळे आणि सुटे होते. कपाळाजवळच्या आणि खांद्यावरच्या बारीक बटा पूर्ण गायब झाल्या होत्या. डोक्याची कड कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती, आणि व्हिडिओ चालवला की ती दर फ्रेमला थोडी आत-बाहेर होत होती. दादा त्याला 'कड उकळते' म्हणतात. एकच फ्रेम थांबवून पाहिली तर हा दोष दिसतच नाही, म्हणून की लावल्यावर किमान पाच सेकंद प्रत्यक्ष चालवून बघा.

असं का होतं, ते मॅट पाहिल्यावर कळतं. Keylight च्या View मध्ये Screen Matte निवडलं की चित्राऐवजी काळं-पांढरं दिसतं. काळं म्हणजे पारदर्शक, पांढरं म्हणजे भरीव, करडं म्हणजे अर्धवट. एक केस बहुतेक वेळा एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, म्हणजे त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा पडदा असतो. तो मॅटमध्ये करडाच दिसला पाहिजे. Clip Black 30 केलं की 30 टक्क्यांखालचा सगळा करडा काळा होतो, आणि Clip White 60 केलं की 60 च्या वरचा सगळा पांढरा होतो. साडीतली भोकं आणि पडद्यावरचा कचरा याने जातो, पण केसांचा करडाही त्याच फटक्यात जातो. एकाच कीकडून मी दोन उलट कामं मागत होतो: आतलं अंग घट्ट हवं होतं आणि कड मऊ हवी होती.

म्हणून दादांनी एकाच शॉटचे दोन लेयर करायला लावले. खालचा लेयर फक्त कडेसाठी. त्यात Clip Black आणि Clip White ला जवळजवळ हात लावायचा नाही. माझ्याकडे Clip Black 4 आणि Clip White 95 होतं. साडीत भोकं दिसत होती, ती तशीच ठेवली. वरचा लेयर आतल्या अंगासाठी. त्यात माझेच आधीचे कडक आकडे ठेवले, Clip Black 30 आणि Clip White 60, आणि त्यावर Simple Choker लावून मॅट चार पिक्सेल आत ओढला. आता वरचा घट्ट लेयर कडेपर्यंत पोहोचतच नाही. तो साडीतली भोकं झाकतो, आणि त्याच्या बाहेरची चार पिक्सेलची पट्टी व सगळे केस खालच्या मऊ लेयरमधून येतात. दूरवर पडद्यावर उरलेला कचरा कीने काढायचाच नाही. बाईंच्या भोवती दीड-दोन फूट मोकळी जागा सोडून पेनने एक ढोबळ मास्क काढायचा, त्याच्या बाहेरचं आपोआप जातं. हा गार्बेज मास्क मी आता की लावायच्या आधीच काढतो, कारण मग कीला पडद्याचा फक्त बाईंच्या जवळचा भाग सांभाळावा लागतो आणि आकडे सौम्य ठेवता येतात.

बटा परत आल्या, पण हिरव्या. गालाच्या कडेलाही हिरवट झाक होती. पडद्यावरून उसळलेला प्रकाश अंगावर पडतो, त्याला स्पिल म्हणतात, आणि तो काढायची कृती साधी आहे:

```
G' = min(G, (R + B) / 2)
```

हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर त्याला सरासरीवर आणायचं, नाहीतर हात लावायचा नाही. निरोगी त्वचेचा पिक्सेल घ्या: लाल 200, हिरवा 150, निळा 120. सरासरी 160 येते, हिरवा त्याखाली आहे, म्हणून तो तसाच राहतो. स्पिल लागलेल्या गालाचा पिक्सेल 180, 190, 140 होता. त्याचीही सरासरी 160, म्हणून हिरवा 190 वरून 160 वर आला आणि झाक गेली.

इथे मात्र मी पुन्हा अडलो. बाईंची साडी हळदी पिवळी होती आणि ती एकाएकी नारिंगी झाली. गणित करून पाहिलं तेव्हा कारण समजलं. पिवळ्यात हिरवा मुळातच भरपूर असतो. साडीचा पिक्सेल 230, 190, 40 होता. सरासरी 135, म्हणजे हिरवा 190 वरून थेट 135 वर आला, आणि 230, 135, 40 हा रंग नारिंगीच असतो. अशा वेळी सरासरीऐवजी लाल आणि निळ्यातला मोठा आकडा मर्यादा म्हणून धरायचा:

```
G' = min(G, max(R, B))
```

साडीसाठी मर्यादा 230 होते आणि पिवळा वाचतो. गालावर मात्र हिरवा 190 वरून 180 वरच येतो, म्हणजे झाक थोडी राहते. म्हणून मी साडीवर मास्क काढून तिथे सौम्य सूत्र ठेवलं आणि चेहरा-केसांवर सरासरीचं.

या टप्प्यावर नवीन मुलं एक चूक हमखास करतात, मीही केली. स्पिल काढणं दोन्ही लेयरवर सारखं हवं. एकावर Keylight चं स्वतःचं आणि दुसऱ्यावर Advanced Spill Suppressor असेल तर दोघांचे रंग किंचित वेगळे पडतात, आणि जिथे घट्ट लेयर संपतो तिथे अंगाच्या आतून एक रेघ दिसते. दोन्हीकडे View मध्ये Intermediate Result ठेवा, म्हणजे Keylight फक्त मॅट लावतं, रंग बदलत नाही. स्पिलचं काम मग पुढे एकाच पद्धतीने करता येतं.

आता चुडा. बाईंचं नुकतंच लग्न झालं होतं आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या काढा असं सांगणं मला शोभलं नसतं, आणि शूट तर झालेलंच होतं. बांगडीचा पिक्सेल साधारण 20, 120, 60 आणि पडदा 60, 180, 70. हिरवा उरलेल्या दोघांतल्या मोठ्यापेक्षा किती वर आहे ते पाहा: पडद्यात 110, बांगडीत 60. की ढोबळपणे याच फरकावर चालते, म्हणून बांगडी निम्म्याहून जास्त पारदर्शक होते. जी उरते तिचं स्पिलच्या सूत्राने 20, 40, 60 होतं, म्हणजे काळपट निळी काच.

हात साडीसमोर असेल तेव्हा उपाय सोपा आहे. मूळ शॉटची, की आणि स्पिल काहीही न लावलेली एक प्रत सगळ्यात वर ठेवायची आणि मनगटाभोवती मास्क काढून तो हाताबरोबर हलवायचा. बांगडीच्या आजूबाजूला साडीच असल्यामुळे मास्क थोडा बाहेर गेला तरी काही दिसत नाही. पण बाई कोन दाखवायला हात बाजूला नेत, तेव्हा बांगडीच्या मागे पडदाच यायचा. तिथे कोणतीही की चालत नाही, कड हातानेच कोरावी लागते. सगळे तुकडे मिळून 40 सेकंद भरले, म्हणजे 25 च्या गतीने 1000 फ्रेम. दर चार-पाच फ्रेमला मास्क नीट केला आणि दोन दिवस गेले.

यातलं बरंचसं शूटच्या वेळीच टाळता आलं असतं, म्हणून पुढच्या शूटला मी स्वतः गेलो. पहिल्या वेळी बाई पडद्यापासून तीन फुटांवर उभ्या होत्या. मी त्यांना आठ फूट पुढे आणलं. पडद्याची झाक इतकी कमी झाली की स्पिलचं काम अर्ध्या तासात संपलं. पडद्याला दोन बाजूंनी वेगळे दिवे लावले आणि वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखावर, पाहिलं. पडद्याची पट्टी बारीक आणि आडवी दिसली तर प्रकाश सारखा आहे, जाड किंवा तिरकी दिसली तर एका बाजूला कमी आहे. पडद्याला चुण्या पडल्या असतील तर त्याही तिथे लगेच कळतात. चेहऱ्यापेक्षा पडदा उजळ ठेवू नका, सगळी झाक तिथूनच येते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. बहुतेक साधे कॅमेरे 4:2:0 पद्धतीने रेकॉर्ड करतात, म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलला मिळून एकच. 1920×1080 च्या चित्रात रंग प्रत्यक्षात 960×540 चाच असतो, आणि की रंगावरच चालते. कडेला पायऱ्या दिसतात त्या यामुळे. महागडा कॅमेरा नसेल तर यावर एक सरळ उपाय आहे: 4K मध्ये शूट करा, 4K मध्येच की लावा आणि शेवटी 1080 ला आणा. 3840×2160 च्या चित्रात रंग 1920×1080 चा असतो, म्हणजे शेवटच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. कॅमेऱ्यातलं शार्पनेस अगदी खाली ठेवा. ते कडेभोवती उजळ रेघ काढतं आणि ती नंतर कशानेही जात नाही. शटर मी 1/50 वरून 1/100 वर नेलं. हलणारा हात कमी पुसट झाला, आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर दिवेही लुकलुकले नाहीत.

पडदा मात्र या वेळी निळा टांगला, बाईंना निळी-जांभळी साडी नको एवढंच आधी कळवलं. निळ्या चॅनेलमध्ये दाणे जास्त येतात, म्हणून पडद्यावर आणखी एक दिवा वाढवावा लागला आणि Screen Pre-blur थोडं ठेवावं लागलं. ते फक्त मॅट काढण्यापुरतं पुसट करतं, चित्राला धक्का लागत नाही. दादांनी मागचा फळा तात्पुरता बंद केला, तिथे भडक लाल रंग ठेवला, 200 टक्के मोठं करून कपाळाजवळच्या बटा पाहिल्या आणि मग हाताकडे नजर नेली. चुडा जसाच्या तसा हिरवा होता.