सीसीत कोण, बीसीसीत कोण, आणि ‘रिप्लाय ऑल’ चुकून गेलाच तर काय

“सीसी माहितीसाठी, बीसीसी गुपचूप.” आमच्या भागातल्या बहुतेक प्रशिक्षणांत मेलबद्दल एवढंच सांगतात, आणि त्यातलं दुसरं वाक्य घात करतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळते आहे: डाळ मिलला भाव विचारणं, बँकेला कागद पाठवणं, कृषी विभागाला अहवाल देणं. तेवढ्या अनुभवावर हे लिहिते आहे. मेल जीमेलवरून जातो असं धरलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

सीसीचा निर्णय सोपा आहे. ज्याच्याकडून काम हवं त्याचा पत्ता To मध्ये, ज्याला फक्त माहीत असायला हवं त्याचा सीसीत. त्यावर एकच अट. To आणि सीसीतली सगळी मंडळी एका खोलीत समोरासमोर बसली असती, तर हे बोलणं तुम्ही त्यांच्यासमोर केलं असतं का? नसतं, तर तो एक मेल नाही, दोन मेल आहेत.

बीसीसीला वेळ द्यावा लागतो. बीसीसीतला पत्ता बाकी कुणाला दिसत नाही हे खरं. पण त्या माणसाला मात्र To आणि सीसीतले सगळे पत्ते दिसतात, आणि त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की त्याचं उत्तर त्या सगळ्यांना जातं. म्हणजे तुम्ही अध्यक्षांना बीसीसीत ठेवून एखाद्या व्यापाऱ्याला मेल लिहिला, आणि अध्यक्षांनी शेतातून मोबाइलवर “बरोबर लिहिलं ताई, याच्यावर भरोसा ठेवू नका” असं सगळ्यांना उत्तर दिलं, तर व्यापाऱ्याला दोन गोष्टी कळतात: अध्यक्ष लपून वाचत होते, आणि त्यांचं त्याच्याबद्दल काय मत आहे. म्हणून कुणावर गुपचूप नजर ठेवायला बीसीसी कधीही वापरू नका. अध्यक्षांना दाखवायचंच असेल तर मेल आधी व्यापाऱ्याला जाऊ द्या, मग Sent मधून तोच अध्यक्षांना फॉरवर्ड करा. त्यावर अध्यक्षांनी काहीही दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येईल.

बीसीसीची खरी जागा एक आहे: एकमेकांचे पत्ते एकमेकांना कळायला नकोत अशा अनेकांना एकच मजकूर पाठवणं. सभासदांना वार्षिक सभेची सूचना, चार मिलना एकाच लॉटचा भाव विचारणं. To मध्ये कंपनीचा स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. अशा मेलवर कुणी ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर फक्त कंपनीच्या पत्त्यावर येतं.

हे न केल्याने काय होतं ते शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीत पाहिलं. तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता त्या हंगामातली गोष्ट. २०० क्विंटलचा लॉट होता, ओलावा ११ टक्के. व्यवस्थापकाने भाव विचारणारा मेल लिहिला, To मध्ये चार डाळ मिल आणि सीसीत सगळे संचालक. त्याला वाटलं, संचालकांना माहिती असलेली बरी. तासाभराने एका संचालकाने मोबाइलवरून उत्तर दिलं: “७,४०० सांगा. नाहीच जमलं तर ७,१०० ला सोडून द्या.” उत्तर चारही मिलना गेलं. व्यवस्थापकाचा मला फोन आला, “ताई, थो मेल मिलवाल्याइले बी गेला ना! आता काय करू?”

इथून पुढचा भाग मलाही बराच काळ जड गेला आहे, म्हणून सावकाश सांगते.

पहिली काही सेकंदं तुमच्या हातात असतात, पण आधीच सोय केली असेल तरच. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायचा अवधी मुळात ५ सेकंदांचा असतो. संगणकावर Settings, मग See all settings, General, तिथे Undo Send समोर ३० सेकंद निवडा. पान खाली सरकवून Save Changes दाबायला विसरू नका, नाहीतर काहीच बदलत नाही. ३० पेक्षा जास्त मिळत नाही. आणखी एक संधी आपल्या गावच्या नेटवर्कमुळे मिळते. मोठी फाइल जोडलेला मेल मोबाइलवर पुष्कळदा Outbox मध्ये अडकून पडतो. तिथे दिसत असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, मग तो मेल डिलीट करा. Sent मध्ये गेला असेल तर तो गेला.

गेलेला मेल परत आणणारं बटण शोधत बसू नका. आउटलुकमध्ये ‘रिकॉल’ आहे, पण ते एकाच संस्थेच्या आतल्या खात्यांपुरतं चालतं. बाहेरच्या माणसाचा मूळ मेल जिथे आहे तिथेच राहतो, वर कधीकधी त्याला “अमुक मेल मागे घ्यायचा आहे” असा दुसरा मेल जातो. न वाचणाराही मग उघडून वाचतो.

आता Sent उघडा आणि तो मेल नेमका कुणाकुणाला गेला, सोबत काय गेलं, ते कागदावर लिहून काढा. नावाखालच्या छोट्या बाणावर दाबलं की पूर्ण यादी दिसते. घाबरलेला माणूस ही पायरी गाळतो आणि मग ज्यांना मेल गेलाच नव्हता त्यांनाही माफीचा मेल पाठवतो. फाइल थेट जोडली असेल तर ती हातातून गेली. पण गूगल ड्राइव्हची लिंक दिली असेल तर ती अजून बंद करता येते: ड्राइव्हमध्ये फाइलच्या Share मध्ये जाऊन General access ला Restricted करा आणि नावाने परवानगी दिलेली माणसं काढून टाका. तोवर कुणी फाइल उतरवून घेतली असेल तर उपाय नाही. म्हणून पुढे नेहमी फाइल लिंकने पाठवा.

मग फोन. आधी घरातल्यांना, म्हणजे अध्यक्षांना आणि ज्याच्या हातून मेल गेला त्या संचालकाला. मिलना फोन करू नका. “तो मेल वाचला का हो?” असं एका मिलला विचारलंत की ज्याने वाचला नव्हता तो वाचेल. चौघांशी चार वेगळे शब्द बोललात तर चौघांकडे वेगवेगळी माहिती होईल, आणि व्यवहारात तेच सगळ्यात वाईट.

फुटलेला भाव परत घेता येत नाही, पण तो निरुपयोगी करता येतो. “कृपया मेल डिलीट करावा” अशी विनवणी भावाच्या बाबतीत वाया जाते. ७,१०० हा आकडा वाचलेला माणूस मेल पुसून तो विसरत नाही. त्या कंपनीला मी दर मागणीच रद्द करायला लावली. संचालकांनी त्याच संध्याकाळी बसून लॉट बदलला. २०० ऐवजी १२० क्विंटल विकायचं, बाकी माल थांबवायचा, आणि खालची मर्यादा नव्याने ठरवायची. ती तोंडीच ठरली, मेलवर लिहिली नाही. मग चौघांना एकच मेल गेला, एकाच वेळी, बीसीसीत:

“नमस्कार. आज दुपारी आमच्या संचालकांचा अंतर्गत मेल चुकून आपल्याला आला. त्यामुळे २०० क्विंटल तुरीची दर मागणी आम्ही रद्द करत आहोत. नवी मागणी शुक्रवारी येईल. त्याआधी आलेले दर विचारात घेतले जाणार नाहीत.”

हा मेल नवीन उघडून लिहिला, जुन्या साखळीत नाही. जुन्या मेलवरच उत्तर देऊन माफी मागितली की खाली तोच मजकूर पुन्हा जातो. माफीचं पान भरू नका, नेटवर्कवर ढकलू नका, आणि “अकाउंट हॅक झालं होतं” हे तर अजिबात लिहू नका. संचालकाच्या नावाने, कंपनीच्याच लॉटबद्दल आलेला मेल हॅकरने लिहिला यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि पुढच्या हंगामात याच मिलशी व्यवहार करायचा असतो. पहिल्या फेरीत एका मिलने बरोबर ७,१०० चाच दर पाठवला होता. शुक्रवारी प्रत्येक मिलला वेगळा मेल गेला, दर देण्याची वेळ ठरवून दिली, आणि व्यवहार ७,२६० ला झाला.

फुटलेली गोष्ट भाव नसून सभासदांची यादी असेल, आधार आणि बँक खात्यांचे आकडे असतील, तर उलट वागायचं. तेव्हा डिलीट करायची विनंती कराच, ज्याला गेली त्या प्रत्येकाला फोन करून करा, आणि डिलीट केल्याचं त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. त्याच दिवशी सभासदांना सांगा, म्हणजे बँक खात्याच्या नावाने ओटीपी मागणारा फोन आला तर ते सावध राहतील. लपवलं तर पहिला फसलेला शेतकरी तुमच्या दारात येईल. पुढच्या वेळी आधारची मास्क्ड प्रत मागवा, तिच्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आणि मेलमध्ये कुणाबद्दल वाईटसाईट लिहिलेलं त्याच माणसाला गेलं असेल, तर मेलवर काहीही लिहू नका. गाडी काढा आणि त्याच्या घरी जा.

दुसऱ्याचा ‘रिप्लाय ऑल’ तुम्हाला आला तर उत्तर देऊ नका, “मला यादीतून काढा” एवढंसुद्धा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत चाचणीचा एक मेल लाखो कर्मचाऱ्यांना गेला. लोकांनी “मला का पाठवला” असं सगळ्यांनाच उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मेलची सेवा मंदावली. खाजगी काही आलं असेल तर पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करून सांगा, बस.

शेवटी दोन बदल आजच करा. संगणकावर त्याच General मध्ये Default reply behavior असतं, तिथे Reply ठेवा. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये General settings मधलं Default reply action तपासा, तिथेही Reply च हवं. संचालकांचे मोबाइल पुढच्या बैठकीत टेबलावर घेऊन तुम्ही स्वतः तपासा, सांगून कुणी करत नाही.