या चुका टाळा: इन्व्हॉइस एलसीशी जुळलं नाही, म्हणून बँकेने पैसे अडवले

एलसी म्हणजे कागद अटींप्रमाणे असतील तर निर्यातदाराला पैसे देण्याची आयातदाराच्या बँकेची लेखी हमी. अशाच एका एलसीमध्ये मालाचं वर्णन असं होतं: "शंभर टक्के सुती टॉवेल, ७० बाय १४० सेंमी, पांढरे, ५,००० नग, दर ८ डॉलर, सीआयएफ हॅम्बुर्ग इन्कोटर्म्स २०२०". रक्कम ४०,००० डॉलर. निर्यातदाराने इन्व्हॉइसवर लिहिलं, "पांढरे बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंमी, ५,००० नग, दर ८ डॉलर, सीआयएफ हॅम्बुर्ग". खाली आणखी एक ओळ: "२० नग नमुने, विनामूल्य". एकूण रक्कम बरोबर ४०,००० होती. तरीही बँकेने कागद नाकारले.

पहिली चूक वर्णनाची. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम १८ नुसार इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायला हवं. पॅकिंग लिस्टसारख्या इतर कागदांवर नुसतं "टॉवेल" चालतं, इन्व्हॉइसवर नाही. शब्दन् शब्द तोच हवा असा नियम नाही, पण "शंभर टक्के सुती" गळलं की माल तोच आहे हे कागदावरून कळत नाही, आणि बँक फक्त कागद पाहते. म्हणून माझा आग्रह असतो की एलसीच्या 45A रकान्यातला मजकूर जसाच्या तसा इन्व्हॉइसवर उतरवा. एलसीतच स्पेलिंग चुकलं असेल, तरी तसंच राहू द्या.

दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. सीआयएफ म्हणजे विमा आणि जहाजभाड्यासह दर, आणि इन्कोटर्म्स म्हणजे अशा व्यापारी अटींचा अर्थ ठरवणारी नियमावली. एलसीत "इन्कोटर्म्स २०२०" लिहिलं असेल, तर इन्व्हॉइसवर नुसतं "सीआयएफ हॅम्बुर्ग" पुरत नाही.

तिसरी चूक सद्भावनेतून होते, म्हणून जास्त वाईट वाटतं. एलसीत न मागितलेला माल इन्व्हॉइसवर दाखवता येत नाही, फुकट असला तरी. पाच टक्के कमीअधिक माल चालतो ना, असं बरेच जण विचारतात. ती सवलत किलो किंवा मीटरसारख्या मापांना आहे, नगांवर मोजलेल्या मालाला नाही. शिवाय ती वापरूनही बँकेकडे मागितलेली एकूण रक्कम एलसीच्या रकमेपुढे जाता कामा नये. नमुने द्यायचेच असतील, तर कुरिअरने वेगळे पाठवा.

नकार आला तरी लगेच हाय खाऊ नका. कागद मिळाल्यापासून जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवसांत बँकेला नकार कळवावा लागतो, आणि सगळ्या त्रुटी एकाच नोटिशीत सांगाव्या लागतात. इन्व्हॉइस तुमचंच असल्यामुळे पहिल्या दोन चुका नवं इन्व्हॉइस करून त्याच दिवशी सुधारता येतात. नमुन्यांचं तसं नाही. ते कंटेनरमध्ये गेले असतील आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ५,०२० नग छापले असतील, तर नुसतं इन्व्हॉइस बदलून दोन कागदांत विसंगती उरते. अशा वेळी आयातदाराकडून त्रुटी मान्य करून घेण्याची विनंती बँकेमार्फत करावी लागते, आणि ती मान्य करायला ना तो बांधील असतो, ना बँक.

दुरुस्त कागद मात्र एलसीच्या मुदतीत पोचायला हवेत. एलसीत वेगळं काही नसेल, तर माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत.