टायमरच्या हँडलरमध्ये गळणारी अक्षरं: इंटरप्ट आणि प्रायॉरिटी

एम्बेडेड क्षेत्रात नव्याने आलेल्यांसोबत काम करताना एक तक्रार मी वारंवार ऐकतो: "युआर्टवरून डेटा येतो, पण मधली एक-दोन अक्षरं गायब होतात, आणि तीही कधीतरीच." पहिला संशय वायरवर किंवा बॉड रेटवर जातो. माझा अनुभव असा की आधी इंटरप्टच्या प्रायॉरिटी तपासाव्यात. एसटीएम३२ एफ४ मालिकेतल्या, म्हणजे कॉर्टेक्स-एम४ गाभ्याच्या कंट्रोलरवर हे नीट पाहता येतं.

आधी इंटरप्ट आल्यावर काय घडतं ते पाहू. main() चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर स्वतःच आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवतो: R0 ते R3, R12, LR, PC आणि xPSR. म्हणजे ३२ बाइट. मेमरीला थांबावं लागत नसेल तर हँडलरची पहिली सूचना सुरू व्हायला १२ क्लॉक लागतात. R4 ते R11 मात्र हार्डवेअर जपत नाही. हँडलरला ती वापरायची असतील तर कंपायलर त्यांना स्टॅकवर ठेवणारा कोड सुरुवातीलाच घालतो. साध्या सी फंक्शनलाही असंच वागावं लागतं, म्हणून या गाभ्यावर हँडलर साध्या सी फंक्शनसारखाच लिहिता येतो. (फ्लोटिंग पॉइंट युनिट वापरात असेल तर स्टॅकवर १०४ बाइटची जागा जाते. स्टॅक लहान ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आत शिरताना LR मध्ये एक खास मूल्य येतं, आणि तपासासाठी मला तेच सर्वांत उपयोगी वाटतं. हँडलरच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा. ऑपरेटिंग सिस्टिम नाही आणि फ्लोटिंग पॉइंट वापरात नाही असं धरलं, तर 0xFFFFFFF9 दिसल्यास आपण main() मधून आलो आहोत. 0xFFFFFFF1 दिसल्यास दुसऱ्या हँडलरला अडवून आलो आहोत. परतताना हेच मूल्य PC मध्ये गेलं की प्रोसेसर ती आठही रजिस्टर स्टॅकवरून परत भरतो.

आता तक्रारीकडे. युआर्ट ११५२०० बॉडवर आहे. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. टायमरचा हँडलर दर १० मिलिसेकंदांनी येतो आणि त्यातली गणितं २०० मायक्रोसेकंद चालतात. प्रायॉरिटी कोणीच ठरवलेली नाही, म्हणून दोघांचीही ० आहे. समान प्रायॉरिटीचा इंटरप्ट चालू हँडलरला अडवू शकत नाही; तो प्रलंबित राहतो.

टायमरचा हँडलर सुरू होऊन १० मायक्रोसेकंद झाले आणि 'अ' पूर्ण आला असं धरा. तो डेटा रजिस्टरमध्ये बसला. ९७ व्या मायक्रोसेकंदाला 'ब' पूर्ण झाला, पण 'अ' अजून कोणी उचललेला नाही. ओव्हररन झाला, ORE बिट लागला. १८४ व्या मायक्रोसेकंदाला 'क' चीही तीच गत. २०० ला टायमर संपल्यावर युआर्टचा हँडलर धावतो आणि 'अ' उचलतो. त्यानंतर मिळतो तो थेट 'ड'. 'ब' आणि 'क' कायमचे गेले. डेटा सलग येत नसेल तर हा योग जुळत नाही, म्हणून चूक "कधीतरीच" दिसते. युआर्टच्या हँडलरमध्ये ORE लागलेला दिसला की मोजणारा एक काउंटर ठेवा. वायरवर वेळ जाणार नाही.

उपाय दोन ओळींचा आहे:

```c
NVIC_SetPriority(USART2_IRQn, 1);
NVIC_SetPriority(TIM3_IRQn, 5);
```

इथे लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी. आता १० व्या मायक्रोसेकंदाला टायमरचा हँडलर मध्येच थांबतो, त्याची आठ रजिस्टर स्टॅकवर main() च्या रजिस्टरांच्या खाली रचली जातात, युआर्ट अक्षर उचलतो आणि टायमरची गणितं जिथे थांबली तिथून पुढे चालतात. दोन थर म्हणजे किमान ६४ बाइट, शिवाय प्रत्येक हँडलरची स्थानिक चलं. वेगवेगळ्या प्रायॉरिटी जितक्या जास्त, तितका स्टॅक खोल जाऊ शकतो, म्हणून मी गरजेपुरत्याच पातळ्या ठेवतो.

रजिस्टर जपली जातात, मेमरी नाही. टायमर आणि युआर्ट एकाच बफरचा इंडेक्स बदलत असतील, तर टायमरने वाचलेलं जुनं मूल्य तो नंतर परत लिहील आणि मधला बदल पुसला जाईल. तेवढ्या दोन-तीन ओळींपुरता युआर्टचा इंटरप्ट बंद करावा लागतो.

आणखी एक फसवी जागा. या कंट्रोलरवर प्रायॉरिटीच्या आठ बिटांपैकी फक्त वरचे चार खरे आहेत. कोणी थेट रजिस्टरमध्ये 5 लिहिलं तर ते खालच्या बिटांत जातं आणि वाचल्यावर ० मिळतो. तिथे 0x50 हवं. NVIC_SetPriority ही सरकवासरकव स्वतः करतं. प्रायॉरिटी बदलूनही ORE चा काउंटर वाढतच असेल, तर युआर्टच्या हँडलरमध्ये LR पाहा. टायमर चालू असताना अक्षरं येऊनही तिथे 0xFFFFFFF1 कधीच दिसत नसेल, तर तुमची प्रायॉरिटी लागूच झालेली नाही.