प्रतिकारशक्तीसाठी झिंक घेता? या चुका टाळा

माझं नागपुरात महालात औषधाचं दुकान आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत झिंकच्या गोळ्या मी स्वतःच पाकिटंच्या पाकिटं विकल्या, त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. तेव्हा बहुतेकांना दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी काही घरांत तीन-तीन वर्षं चालू राहिली. आमच्या गल्लीतले एक काकाजी त्यातलेच. वय साठीच्या आतबाहेर, सकाळी फिरायला जाणारे, खाणंपिणं नीट.

आधी त्यांना थकवा आला. तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनीही आकडा हलला नाही. पांढऱ्या पेशी 2,500 पर्यंत उतरल्या आणि त्यातल्या जंतूंशी आधी भिडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी तर हजाराच्याही खाली गेल्या. मग पाय बधिर झाले. "गादीवर चालल्यासारखं वाटते बापा," असं ते म्हणायचे. अंधारात उभं राहिलं की झोक जायचा. बी-12 ची इंजेक्शनं झाली, पण त्यांचं बी-12 मुळात कमी नव्हतंच. हाडातल्या मगजाची तपासणी करायची वेळ आली तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, "घरात जेवढ्या गोळ्या आहेत, त्या सगळ्या पिशवीत घालून घेऊन या."

पहिली चूक: बेरीज न करणं

पिशवीत दोन गोष्टी निघाल्या. एक रोजची मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल, दुसरी झिंकची वेगळी गोळी. कॅप्सूलच्या पाकिटावर "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम" असं छापलेलं होतं. हे त्या क्षाराचं वजन. त्यातलं खरं झिंक साधारण 22 मिलिग्रॅम भरतं. वेगळ्या गोळीवर मात्र "एलिमेंटल झिंक 50 मिलिग्रॅम" असं होतं, म्हणजे ते 50 सगळंच्या सगळं झिंक. एका पाकिटावर क्षाराचं वजन आणि दुसऱ्यावर धातूचं, मग गिऱ्हाईक गोंधळणारच. पाकीट हातात घेतलं की आधी "एलिमेंटल" हा शब्द शोधा. तो नसेल तर दुकानदाराला विचारा.

काकाजींची बेरीज रोज 72 मिलिग्रॅम झाली, वर जेवणातलं दहाएक. भारतीय आहारशिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला सुमारे 17 आणि बाईला 13 मिलिग्रॅम पुरतं. अन्न आणि गोळ्या मिळून मोठ्या माणसाने रोज 40 च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा धरतात. काकाजी जवळपास तीन वर्षं तिच्या दुप्पट घेत होते.

दुसरी चूक: जास्तीचं झिंक लघवीवाटे निघून जातं, असं समजणं

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जास्त झिंक दिसलं की मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन तयार करतात. त्याचं काम धातू धरून ठेवणं. गंमत अशी की ते झिंकमुळे तयार होतं, पण तांब्याला अधिक घट्ट पकडतं. जेवणातून आलेलं तांबं त्या पेशीतच अडकतं, रक्तात पोचत नाही. काही दिवसांनी पेशी गळून पडते आणि तांबं शौचावाटे बाहेर जातं. रोज जास्त झिंक म्हणजे रोज नवा सापळा.

तांबं कमी पडलं की लोहाची ने-आण बिघडते, कारण साठ्यातलं लोह रक्तात वापरण्याजोगं करणाऱ्या प्रथिनांना तांबं लागतं. म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काकाजींचं हिमोग्लोबिन वाढेना. मगजात न्यूट्रोफिलही नीट तयार होत नाहीत. झिंक प्रतिकारशक्तीला लागतं हे खरंच आहे. थायमस ग्रंथीतलं थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय काम करत नाही, आणि झिंक कमी असेल तर टी पेशी मंदावतात. पण हे कमतरता भरून काढण्यापुरतं. त्यापलीकडे गोळ्या ढकलत राहिलं, तर जिच्यासाठी त्या घेतल्या तीच प्रतिकारशक्ती न्यूट्रोफिलच्या बाजूने खचते.

विदर्भातल्या लोकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. माणसाला झिंकची कमतरता होते हे दाखवून देणारे डॉ. आनंद प्रसाद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये झिंकमुळे तांबं घटल्याचं नोंदवलं, ते सिकलसेलच्या रुग्णात. आपल्याकडे सिकलसेल घरोघरी ओळखीचा. अशा रुग्णाला कुणी झिंक दिलं असेल तर किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. उलट विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साचतं आणि तिथे मुद्दाम मोठ्या मात्रेत झिंक देतात. त्या रुग्णांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये.

तिसरी चूक: बी-12 वर थांबणं

तांब्याच्या कमतरतेचे पाय आणि बी-12 च्या कमतरतेचे पाय वरून सारखेच दिसतात. बी-12 ठीक असूनही हातपाय बधिर, सोबत रक्त कमी आणि न्यूट्रोफिल घटलेल्या, असा मेळ दिसला की रक्तातलं तांबं आणि ते वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन तपासायला डॉक्टरांना सांगा. काकाजींची दोन्ही फारच खाली होती, झिंक मात्र वर.

यावर घरगुती उपाय म्हणून त्यांनी तांब्याच्या लोट्यातलं पाणी सुरू केलं होतं. पण झिंक चालू असताना वरून तांबं ओतून फारसा उपयोग नाही, सापळा उघडाच असतो. आणि लोट्यातून किती तांबं पोटात जातं, त्याचा नेम नाही.

चौथी चूक: ताटाकडे न बघणं

गोळीची खरंच गरज होती का, हा प्रश्न मला आता पडतो. इतवारीतून किराणा आणणाऱ्या घरात तूर, हरभरा, तीळ, जवस असतंच. वाटीभर डाळीतून साधारण एक मिलिग्रॅम, मोठा चमचाभर तिळातून पाऊण, मूठभर भोपळ्याच्या बियांतून दोनेक मिलिग्रॅम झिंक मिळतं. शंभर ग्रॅम मटणातून तीन-चार, आणि ते अंगीही चांगलं लागतं. डाळी-बियांत फायटेट असतं, ते झिंक अडवतं. म्हणून हरभरा, मटकी रात्रभर भिजवून मोड आणले तर फायदा होतो. तर्री पोह्यातल्या हरभऱ्याचाही हिशेब यातच धरा. ज्यांच्या घरी रविवारी सावजी मटण शिजतं, त्यांनी झिंकची फार चिंता करू नये. तेलाची करावी.

शिवाय अन्नातलं झिंक एकटं येत नाही. तिळात, जवसात, डाळीत तांबंही असतं. नुसत्या जेवणाने कुणाचं तांबं असं घटलेलं मी पाहिलं नाही.

काकाजींच्या दोन्ही गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी तांब्याची गोळी दिली. दोनेक महिन्यांत हिमोग्लोबिन आणि न्यूट्रोफिल रांगेत आले. पाय मात्र पूर्ण सुधारले नाहीत. वर्ष झालं, तरी रात्री दिवा गेला की ते भिंतीला हात लावूनच चालतात. मी आता झिंकचं पाकीट देताना त्यावर पेनाने बंद करायची तारीख लिहितो.